बोल्टातला धूर कुठून येतो? युरोपच्या कार्बन शुल्कासाठी कारखान्याचा हिशेब

नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत बोल्ट बनवणारा एक छोटा कारखाना आहे. वर्षाला हजार टन माल, त्यातला चारशे टन जर्मनीला जातो. मी तिथं कॉस्टिंगचं काम बघतो. एका सकाळी मालकांनी मला खरेदीदाराचं ईमेल दाखवलं. त्यात दोनच ओळी कामाच्या होत्या: २०२६ मध्ये पाठवलेल्या मालात किती कार्बन उत्सर्जन दडलं आहे ते तपासणी करून कळवा, नाही कळवलंत तर आम्ही ठरावीक आकडा धरू आणि होणारा फरक तुमच्या दरातून वजा करू. मालक म्हणाले, "साहेब, आपल्याकडं ना भट्टी ना चिमणी. प्रेस आहेत, थ्रेड रोलिंग आहे, हार्डनिंगला एक गॅसची फर्नेस. आपण धूर काढतो कुठं?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही त्यातच होतं. धूर आपण काढत नाही, तो विकत आणतो. वायर रॉडची कॉइल गेटातून आत येते तेव्हाच बोल्टाचा बहुतेक सगळा कार्बन तिच्याबरोबर आत आलेला असतो. ही एक गोष्ट धरून ठेवली तर पुढचा हिशेब अवघड नाही. ती सुटली की माणूस छतावर सोलर पॅनल बसवतो आणि त्याचं युरोपचं बिल एका पैशानंही कमी होत नाही.

आधी हे शुल्क आहे काय

युरोपीय संघाच्या या व्यवस्थेला सगळे 'सीबॅम' म्हणतात. मराठीत सांगायचं तर सीमेवरचा कार्बन समायोजन कर, पण कर हा शब्द तितकासा बरोबर नाही. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना २००५ पासून प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडसाठी एक परवाना जमा करावा लागतो. या परवान्यांचा बाजार आहे आणि गेली काही वर्षं भाव बराच काळ ६० ते ९० युरोच्या आसपास फिरत आला आहे. मात्र पोलाद, सिमेंटसारख्या उद्योगांना बहुतेक परवाने फुकट मिळत आले. कारण सरळ होतं: तिथल्या कारखान्यावर बोजा टाकला तर तो बंद पडेल, तेच पोलाद जिथं बोजा नाही तिथं बनेल आणि युरोपात आयात होईल. धूर तेवढाच, किंबहुना जास्त, आणि रोजगार मात्र गेला. यालाच कार्बन गळती म्हणतात.

आता युरोपला फुकट परवाने बंद करायचे आहेत. ते बंद करायचे तर बाहेरून येणाऱ्या मालावरही तेवढाच भाव लावावा लागणार. म्हणून दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या आहेत: आतले फुकट परवाने जितके कमी होतील तितकं सीमेवरचं शुल्क वाढेल. २०२३ च्या मे महिन्यात कायदा अमलात आला, १ ऑक्टोबर २०२३ पासून सव्वादोन वर्षं नुसते अहवाल द्यायचे होते, आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढेच विभाग त्यात आहेत.

पैसे भरायचे ते युरोपातल्या आयातदारानं. तुम्हाला ब्रुसेल्सहून कोणी नोटीस पाठवणार नाही. २०२६ मध्ये आलेल्या मालासाठी आयातदार फेब्रुवारी २०२७ पासून या शुल्काची प्रमाणपत्रं विकत घेऊ शकेल, आणि ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत त्याला आपला हिशेब देऊन ती जमा करायची आहेत. तोपर्यंत त्याच्या डोक्यावर अनिश्चित रक्कम आहे आणि ती तो तुमच्या दरात ढकलणार. आकडा तुमच्याकडं नसेल तर तो किती ढकलतो हे तपासायला तुमच्याकडं काहीच नसतं.

पायरी पहिली: माल यात येतो का, आणि खरेदीदार यात येतो का

बोल्ट, नट, स्क्रू यांचा कस्टम्सचा कोड ७३१८. तो सीबॅमच्या यादीत आहे. पण पोलादाचा म्हणून प्रत्येक माल यादीत नाही, आणि इथं कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचे फोन मला वारंवार येतात. ७३२५ या कोडखाली जाणारे ओतीव भाग, उदाहरणार्थ मॅनहोलची झाकणं, सध्या यादीत नाहीत. ८७०८ खाली जाणारे मोटारीचे भागही नाहीत. मात्र ७३०७ खालचे पाइप फिटिंग आहेत, आणि ७३२६ खालचे फोर्जिंगसारखे भागही आहेत. म्हणजे एकाच शेडमधून निघालेले दोन भाग, एक आत आणि एक बाहेर. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमपासून बनणाऱ्या सुमारे १८० तयार मालांना २०२८ पासून आत घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आज बाहेर असलेल्यांनीही नोंदवही सुरू केलेली बरी.

कोड बघताना आपल्या शिपिंग बिलावरचा आठ आकडी कोड पुढं करू नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, शेवटचे दोन आपले वेगळे आणि युरोपचे वेगळे. खरेदीदार तिथं कस्टम्सला जो कोड लिहितो तोच चालतो. तो लेखी मागून घ्या.

दुसरी चाळणी वजनाची. २०२५ च्या ऑक्टोबरात नियमात दुरुस्ती झाली. एखाद्या आयातदाराचा वर्षभरातला असा माल ५० टनांच्या आत असेल तर तो या व्यवस्थेतून सुटतो (वीज आणि हायड्रोजन सोडून). लक्षात घ्या, ५० टन हे आयातदाराचे, तुमचे नव्हेत. तुम्ही एखाद्या छोट्या वितरकाला ३० टन पाठवता, पण तो तैवान आणि तुर्कस्तानहून आणखी ४० टन घेत असेल तर तो आत आला, आणि आत आला की त्या वर्षाचा सगळाच माल मोजला जातो, वरचे २० टन तेवढे नव्हे. उलट ज्याचा एकूण माल खरोखरच थोडा आहे तो उगाच तुमच्याकडं कागद मागत असेल तर त्याला हा नियम दाखवा.

पायरी दुसरी: कुंपण आखा

हिशेब कारखान्याचा करायचा असतो, कंपनीचा नव्हे. दोन ठिकाणी युनिट असतील तर दोन हिशेब. कुंपणाच्या आत काय जळतं त्याची यादी करा. आमच्या यादीत हार्डनिंग-टेम्परिंगच्या फर्नेसचा एलपीजी, प्लेटिंगच्या गरम पाण्यासाठी छोटा बॉयलर (त्यालाही तोच गॅस), डिझेल जनरेटर आणि फोर्कलिफ्ट एवढं निघालं.

यातली फोर्कलिफ्ट पहिल्यांदा बाद. कारखान्याच्या आवारात माल हलवणारी वाहनं या हिशेबात धरत नाहीत. जनरेटरचं डिझेल जळतं खरं, पण ते वीज बनवायला जळतं, म्हणून ते विजेच्या खात्यात जातं. आणि वीज? पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी शुल्क मोजताना सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, वापरलेल्या विजेमागचा कोळसा धरत नाहीत. सिमेंट आणि खतांना विजेचा धूरही धरतात, पोलादाला नाही. म्हणूनच सोलर पॅनलचा या बिलाशी संबंध नाही. वीजबिल वाचवायला जरूर बसवा, पण जर्मन खरेदीदाराला त्याचा फोटो पाठवून दर वाढवून मिळणार नाही. यातला गमतीचा भाग असा की गॅसची फर्नेस काढून तिथं विजेची बसवली तर तुमचं स्वतःचं उत्सर्जन कागदावर जवळजवळ शून्य होतं, मग ती वीज कोळशाच्या केंद्रातून का येईना.

एक जागा मात्र सगळेच विसरतात: बाहेरचं जॉब वर्क. हार्डनिंग किंवा प्लेटिंग बाहेर करून घेत असाल तर तो गॅस तुमच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. जॉब वर्करकडून किलोमागं किती गॅस जळतो याची नोंद महिन्याला घेत जा. तो म्हणतो, "आमच्याकडं दहा जणांचा माल एकाच फर्नेसमधून जातो." ठीक आहे, त्याचा महिन्याचा एकूण गॅस भागिले एकूण टन, एवढं तरी मिळतंच.

पायरी तिसरी: स्वतःचा गॅस मोजा

हा भाग सर्वात सोपा आणि सर्वात कमी महत्त्वाचा. एलपीजीचा एक टन जळला की साधारण ३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. नेमकं सांगायचं तर टनाला ४७.३ गिगाज्यूल उष्णता आणि गिगाज्यूलला ६३.१ किलो कार्बन डायऑक्साइड, गुणाकार २.९८ टन. पाइपचा नैसर्गिक वायू असेल तर टनाला सुमारे २.७ टन, डिझेल आणि फर्नेस ऑइलला ३.१ ते ३.२.

आमच्याकडं वर्षाला ४० टन एलपीजी जळला. ४० गुणिले २.९८ म्हणजे ११९ टन कार्बन डायऑक्साइड. हजार टन बोल्टांवर वाटला तर टनाला ०.१२. एवढंच. २०२५ च्या दुरुस्तीनं काही तयार मालांसाठी तर हे शेवटचं फिनिशिंगचं उत्सर्जन हिशेबाबाहेरच काढलं आहे, कारण युरोपातल्या अशा छोट्या कारखान्यांनाही परवाने लागत नाहीत. आपला कोड त्यात बसतो का हे खरेदीदाराकडून लेखी घ्या. बसो वा न बसो, आकडा एवढा लहान आहे की त्यावर रात्र जागवू नका.

वर्ष कोणतं धरायचं हे मात्र आधीच ठरवा. आपली सगळी खाती एप्रिल ते मार्च, आणि हा हिशेब जानेवारी ते डिसेंबर. पहिल्या वर्षी आम्ही ३१ मार्चचा साठा धरून काम सुरू केलं आणि मध्येच सगळं मोडून पुन्हा मांडावं लागलं. आता ३१ डिसेंबरला वायर रॉड, अर्धवट माल आणि तयार माल यांची मोजणी होते. मालकांना ती नवीन वर्षाच्या पार्टीच्या दिवशी नको असते, पण तिच्यावाचून इलाज नाही.

पायरी चौथी: वायर रॉडचा धूर

खरं काम इथं आहे. नियम असा की तुम्ही वापरलेल्या कच्च्या मालात जेवढं उत्सर्जन दडलं आहे ते तुमच्या मालात जमा होतं, आणि तेही वापरलेल्या पूर्ण वजनावर. बोल्टात गेलेलं लोखंड तेवढं धरायचं आणि भंगारात गेलेलं सोडायचं, असं चालत नाही. भंगाराला शून्य धरतात, म्हणून वाया गेलेल्या लोखंडाचा धूरही बोल्टाच्याच अंगावर पडतो.

आमचा वापर वर्षाला ११५० टन वायर रॉड, त्यातून १००० टन बोल्ट. तो रॉड बनवणाऱ्या पोलादाच्या गिरणीनं दिलेला आकडा समजा टनाला २.४. मग ११५० गुणिले २.४ म्हणजे २७६० टन. टन बोल्टामागं २.७६. त्यात आपला गॅस ०.१२ मिळवला की २.८८. मालकांनी हा कागद बघितला आणि विचारलं, "म्हणजे आपला वाटा वीस-पंचविसातला एक?" हो, तेवढाच. बाकी सगळा गिरणीचा.

याच कागदावरून आणखी एक गोष्ट कळते. वाया जाणारं लोखंड कमी करून ११५० च्या जागी ११०० टनांत हजार टन बोल्ट बसवले तर ५० गुणिले २.४ म्हणजे १२० टन धूर वाचतो. फर्नेसचा वर्षभराचा सगळा गॅस बंद केल्याएवढा. डाय बदलण्याच्या वेळी निघणारे सेटिंगचे तुकडे, कॉइलची टोकं, नाकारलेला माल यांच्याकडं आधी बघा.

आता गिरणीचा आकडा कसा मिळवायचा? वायर रॉड कसा बनला यावर तो ठरतो. ब्लास्ट फर्नेसचं पोलाद असेल तर टनाला साधारण दोनच्या वर आकडा असणार. दगडी कोळशावर बनवलेलं स्पंज आयर्न इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवून केलेलं पोलादही असंच जड असतं, अनेकदा जास्तच. निव्वळ भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं असेल तर थेट उत्सर्जन अगदी थोडं, टनाला ०.१ ते ०.३ च्या घरात, कारण भंगार शून्य आणि वीज हिशेबाबाहेर. एकाच गिरणीत स्पंज आणि भंगार मिसळत असतील तर प्रमाणानुसार आकडा मधे कुठंतरी पडतो.

गिरणीला मागताना नुसतं 'कार्बन फूटप्रिंट पाठवा' असं लिहू नका. नाहीतर तिथल्या मार्केटिंगवाल्यांकडून चकचकीत पीडीएफ येते आणि तिचा उपयोग शून्य. मागायचं ते असं: सीबॅमच्या पद्धतीनं काढलेलं, थेट उत्सर्जन, टनामागं, कोणत्या वर्षाचं, कोणत्या मार्गानं बनलेलं, आणि त्याची तपासणी झाली आहे का. नुसत्या अहवालांच्या काळात आयोगानं एक्सेलचा साचा दिला होता; त्यात `E_PurchPrec` या पानावर खरेदी केलेल्या कच्च्या मालाचे आकडे भरायचे आणि `Summary_Communication` या पानावर खरेदीदाराला द्यायचा सारांश तयार व्हायचा. गिरणीनं तो साचा भरलेला असेल तर त्यांचं सारांशाचं पान तुमच्या खरेदीच्या पानात थेट बसतं.

आकडा आला की तो खरा आहे का हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मला तीन चुका सारख्या दिसतात.

पहिली, बिलेट विकत आणून नुसतं रोलिंग करणारी गिरणी ०.१ किंवा ०.१५ असा आकडा देते. तो फक्त त्यांच्या रीहीटिंग फर्नेसचा असतो. बिलेटचा धूर त्यात नाही. जालन्याकडच्या किंवा इतर कुठल्याही गिरणीकडून एवढा कमी आकडा आला तर पहिला प्रश्न विचारा: बिलेट तुमचा की विकतचा? विकतचा असेल तर त्याचा आकडा कुठंय? बोलणं इथंच अडकतं आणि इथंच ते अडकलं पाहिजे.

दुसरी, आकड्यात वीज मिसळलेली असते. भंगारावर चालणारी गिरणी ०.८ सांगते तेव्हा बहुधा वीज धरलेली असते, आणि तुम्ही तो तसाच पुढं पाठवला तर स्वतःवर विनाकारण जास्त शुल्क ओढवून घेता.

तिसरी, संपूर्ण जीवनचक्राचा आकडा. त्यात खाणीतलं डिझेल, वाहतूक, सगळं असतं. बांधकामाच्या कागदांसाठी तो चालतो, इथं नाही.

ब्लास्ट फर्नेसवाल्यानं दीडपेक्षा कमी आकडा दिला तर आनंद मानू नका, प्रश्न विचारा. आणि प्रत्येक कॉइलचा हीट नंबर आपल्या उत्पादनाच्या लॉटशी जोडून ठेवा. टेस्ट सर्टिफिकेट तुमच्याकडं असतंच, फक्त तो कागद डिस्पॅचपर्यंत पोचत नाही. दोन गिरण्यांचा माल वापरत असाल तर त्यावाचून कोणता बोल्ट कुणाच्या लोखंडाचा हे सांगताच येत नाही.

पायरी पाचवी: युरो काढा, पण अडीच टक्क्यांच्या फसवणुकीत पडू नका

इथं जवळजवळ प्रत्येक बैठकीत एकच वाक्य ऐकू येतं: "२०२६ मध्ये फक्त अडीच टक्के आहे, काळजी नको." चूक आहे, आणि महागडी चूक आहे.

अडीच टक्के कशाचे, तर युरोपातल्या कारखान्यांच्या फुकट परवान्यांतली कपात. २०२६ मध्ये त्यांना बेंचमार्कच्या ९७.५ टक्के फुकट मिळतात, २०२७ मध्ये ९५, २०२८ मध्ये ९०, २०२९ मध्ये ७७.५, २०३० मध्ये ५१.५ आणि २०३४ मध्ये शून्य. आयात मालालाही तेवढीच वजावट मिळते. पण ती वजावट बेंचमार्कवर असते, तुमच्या उत्सर्जनावर नव्हे. बेंचमार्क म्हणजे चांगल्या युरोपीय कारखान्यांचा आकडा. त्याच्यापेक्षा तुमचा धूर जितका जास्त, तो सगळा पहिल्याच वर्षी पूर्ण भावानं मोजावा लागतो.

आमच्या बोल्टाला लावून बघू. बेंचमार्क समजा टनाला १.६ धरला (खरा आकडा पोलाद कोणत्या मार्गानं बनलं त्यानुसार बदलतो, तो आयोगाच्या तक्त्यातून घ्यायचा) आणि परवान्याचा भाव समजा ७५ युरो.

```
देय टन = दडलेले उत्सर्जन - (बेंचमार्क × फुकट हिस्सा)
२०२६:  २.८८ - (१.६ × ०.९७५) = १.३२ टन
१.३२ × ७५ = ९९ युरो प्रति टन बोल्ट
२०३०:  २.८८ - (१.६ × ०.५१५) = २.०६ टन → १५४ युरो
२०३४:  २.८८ - ०              = २.८८ टन → २१६ युरो
```

अडीच टक्क्यांच्या समजुतीनं हिशेब केला असता तर २.८८ चे अडीच टक्के, ०.०७२, गुणिले ७५, म्हणजे साडेपाच युरोच्या आत. चारशे टनांवर युरो शंभर रुपयांचा धरला तर दोन लाख सोळा हजार रुपये. खरा आकडा ३९,६०० युरो, म्हणजे जवळपास चाळीस लाख. मालकांनी खरेदीदाराशी 'किरकोळ फरक आम्ही सोसू' असं फोनवर बोलून टाकलं होतं. लेखी नव्हतं म्हणून वाचलो.

भंगारावरच्या पोलादाचा हिशेब करताना मात्र एक सावधगिरी हवी. त्या मार्गाचा बेंचमार्कही खूप खाली असतो, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत भंगारवाल्याला मिळणारा फायदा २.४ आणि ०.२ यांच्या वजाबाकीएवढा नसतो. २०३४ कडं जाताना मात्र वजावटच संपते आणि तो फायदा पूर्ण उघडा पडतो. वायर रॉडचा पुरवठादार बदलायचा विचार असेल तर एका वर्षाचा नव्हे, २०३० चा हिशेब समोर ठेवा.

भावाबद्दल एवढंच की २०२६ च्या मालासाठी प्रमाणपत्राची किंमत युरोपातल्या लिलावांच्या तिमाही सरासरीवर ठरते, २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीवर. दर ठरवताना एकच आकडा धरून बसण्याऐवजी ६० आणि ९० अशा दोन टोकांवर कोष्टक करून ठेवा.

पायरी सहावी: ठरावीक आकडा की तपासलेला आकडा

गिरणी आकडाच देत नाही, किंवा दिला तरी त्याची तपासणी झालेली नाही, तर आयातदार आयोगानं देशवार जाहीर केलेला ठरावीक आकडा धरतो. पोलादासाठी त्यावर २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. हेतू उघड आहे: आकडा न देणं स्वस्त पडू नये.

आमच्या उदाहरणात ठरावीक आकडा समजा ३.५ असता, तर वाढ धरून ३.८५, आणि वजावट तीच धरली तरी देय २.२९ टन, म्हणजे १७२ युरो. तपासलेल्या आकड्यापेक्षा टनाला ७३ युरो जास्त. चारशे टनांवर एकोणतीस लाख रुपये. तपासणीचा खर्च त्यापुढं किती, हे गणित प्रत्येकानं स्वतःच्या टनावर करावं. ज्याचा युरोपला जाणारा माल वर्षाला चाळीस-पन्नास टन आहे त्याला कदाचित ठरावीक आकडाच परवडेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. ठरावीक आकड्याला तपासणी लागत नाही.

तपासणी करून घ्यायची ठरली तर तपासनीस मान्यताप्राप्त हवा, आणि ती मान्यता युरोपीय देशाच्या मान्यता संस्थेची हवी. आपल्याकडं आयएसओचं ऑडिट करणारी ओळखीची मंडळी असतात, पण हे काम त्यांना आपोआप करता येत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी मान्यतेचा कागद बघा. पहिल्या वर्षी तपासनीस प्रत्यक्ष कारखान्यात येतो. तो एक्सेलच्या सूत्रांत फारसा रमत नाही. त्याला वजनकाट्याच्या पावत्या, काट्याचं वैध प्रमाणपत्र, गॅसची बिलं आणि साठ्याची मोजणी बघायची असते. आमच्याकडं त्यानं अर्धा दिवस एकाच गोष्टीवर घालवला: खरेदी नोंदीत ११५० टन वायर रॉड, डिस्पॅचमध्ये १००० टन बोल्ट, मग १५० टन भंगार कुणाला विकलं? भंगाराच्या बिलांत १३८ टन निघाले. उरलेले १२ टन म्हणजे पिकलिंगमध्ये उडालेली स्केल आणि गाळ, हे तोंडानं सांगून चालेना. गाळ नेणाऱ्याच्या पावत्या शोधाव्या लागल्या. तेव्हापासून भंगाराचं वजन गेटवर रोज लिहिलं जातं.

गिरणीच्या आकड्याचीही तपासणी झालेली हवी, नाहीतर तुमचा निम्मा कागद तपासलेला आणि निम्मा ठरावीक असा होतो. कच्च्या मालापुरता ठरावीक आकडा धरता येतो, पण आपण आत्ताच बघितलं की सगळा धूर तिथंच आहे. म्हणून वायर रॉडच्या पुढच्या खरेदी ऑर्डरमध्येच अट घाला: तपासणी अहवालासह वार्षिक आकडा, अमुक तारखेच्या आत. छोट्या खरेदीदाराची मोठी गिरणी ऐकत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. नाशिक आणि पुण्याकडच्या चार-पाच बोल्टवाल्यांनी एकाच गिरणीला एकच पत्र लिहिलं तेव्हा आठवड्याभरात उत्तर आलं. त्याआधी मी एकट्यानं तीन महिने ईमेल पाठवले होते.

पायरी सातवी: करारातली ओळ

खरेदीदार बहुधा असा मसुदा पाठवतो की 'सीबॅमचा सर्व खर्च पुरवठादार सोसेल'. यावर सही करू नका. परवान्याचा भाव तुमच्या हातात नाही, फुकट हिस्सा किती हेही नाही. तुमच्या हातात फक्त उत्सर्जनाचा आकडा आहे. म्हणून आम्ही अट अशी उलटवली: पुरवठादार तपासलेला आकडा अमुक तारखेपर्यंत देईल; तो न दिल्यानं ठरावीक आकडा लागला तर त्यातला फरक पुरवठादाराचा; बाकी शुल्क युरोपातल्या बाजारभावाचा भाग. थोडी घासाघीस झाली आणि शेवटी निम्मं-निम्मं ठरलं, तेही फक्त २०२७ पर्यंत.

खरेदीदार आणखी एक प्रश्न विचारतो: भारतात तुम्ही कार्बनसाठी काही किंमत मोजली आहे का? कायद्यानुसार मूळ देशात खरोखर भरलेली किंमत वजा मिळते. भारतानं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जाहीर केली आहे, पण वजावट मिळते ती योजनेच्या नावानं नव्हे, तर तुमच्या मालावर प्रत्यक्ष भरलेल्या आणि परत न मिळालेल्या रकमेला, पुराव्यासह. बोल्टवाल्यानं स्वतः तसं काही भरलेलं नसतं. भरलंच तर ते गिरणीनं भरलेलं असेल, तेव्हा गिरणीकडं आकडा मागताना हा रकाना आत्ताच घालून ठेवा. आज तो रिकामा येईल.

मला स्वतःला या व्यवस्थेतली एक फट खटकते. गिरणीकडं भंगाराचं हलकं आणि कोळशाचं जड अशी दोन्ही पोलादं असतील तर ती हलकं युरोपच्या ग्राहकाला देईल आणि जड इथंच विकेल. कागद स्वच्छ, हवा तशीच. पण बोल्टवाल्याच्या बाजूनं बघितलं तर त्या हलक्या कॉइल मिळवण्याची रांग आत्ताच लागली आहे. गेल्या महिन्यात आमच्या पुरवठादारानं पहिल्यांदाच दरपत्रकात दोन ओळी दिल्या: तोच ग्रेड, तोच व्यास, एकीपुढं उत्सर्जनाचा आकडा आणि टनाला थोडे जास्त पैसे. मालकांनी कॅल्क्युलेटर काढला, आणि विचारलं ते युरोचं नव्हे: "बेंचमार्क कोणता धरायचा साहेब, भंगाराचा ना?"